पत्र जाहिरातीला उत्तर देतं का?

औषध कंपनीच्या क्यूसी विभागात, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत, नोकरीसाठी आलेले अर्ज वाचण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. त्यातल्या एका जागेची हळहळ अजून वाटते. आम्हाला ओओएस तपास करू शकणारा माणूस हवा होता. ओओएस म्हणजे चाचणीचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणं. तो का गेला याचा छडा लावणं हे वेगळं कसब आहे. यंत्र चालवता येणाऱ्या प्रत्येकाला ते जमतंच असं नाही. जाहिरातीत आम्ही ते स्पष्ट लिहिलंही होतं. एचआरने अर्ज चाळून काही नावं पाठवली, त्यातल्या एकाला आम्ही घेतलं, काम चालू झालं.

पुढे एका बाहेरच्या प्रशिक्षणात चहाच्या वेळी एका तरुण विश्लेषकाशी गप्पा झाल्या. त्याने त्याच्या प्रयोगशाळेतला एक तपास इतका नीट उलगडून सांगितला, की मी विचारलं, "आमच्याकडे जागा होती तेव्हा अर्ज का नाही केलात?" तो म्हणाला, "केला होता, मॅडम." परत गेल्यावर मी त्याचं पत्र शोधून काढलं. पदवी, टक्के, एचपीएलसी, जीसी, यूव्ही, कार्ल फिशर अशी यंत्रांची यादी, 'मेहनती आणि शिकण्याची आवड असलेला', 'आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळावी'. तपासाबद्दल एक अक्षर नाही. एचआरमधल्या मुलीला काय दोष देणार? तिच्यासमोर जे होतं ते तिने वाचलं. जाहिरातीतल्या मुख्य मागणीला त्या पत्रात उत्तरच नव्हतं.

तेव्हापासून कुणी पत्र दाखवायला आणलं, की मी आधी जाहिरात मागते. बहुतेकांना याचं नवल वाटतं. माझा भाचाही गेल्या पावसाळ्यात असाच आला. तो गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या एका कंपनीत क्यूसीमध्ये आहे. "मावशी, जरा इंग्रजी बघून दे ना," म्हणाला. इंग्रजी बरं होतं. मी म्हटलं, "अरे, इंग्रजीचं नंतर. हे कशाला उत्तर म्हणून लिहिलंयस ते दाखव." मोबाइलवर शोधाशोध करून त्याने जाहिरात काढली. तिचा सारांश असा: पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्यूसी. एम.एस्सी. रसायनशास्त्र किंवा बी.फार्म. अमेरिकी बाजारासाठी औषधं बनवणाऱ्या कारखान्यातला चार ते सहा वर्षांचा अनुभव. एचपीएलसी आणि डिसोल्यूशनवर प्रत्यक्ष काम, एम्पॉवर सॉफ्टवेअरची माहिती. ओओएस व ओओटी तपास आणि त्यानंतरचा कापा, म्हणजे चूक सुधारण्याची आणि पुन्हा होऊ नये म्हणून करायची उपाययोजना. ऑडिट ट्रेलची तपासणी. कनिष्ठ विश्लेषकांच्या नोंदींचा आढावा. एफडीए मान्यताप्राप्त उमेदवाराला प्राधान्य. तिन्ही शिफ्टची तयारी. तीस दिवसांत रुजू होऊ शकणाऱ्यांनीच अर्ज करावा.

पत्र बाजूला ठेवून आम्ही आधी ही जाहिरातच वाचली. पत्र चांगलं की वाईट हे ठरवायचं ते जाहिरातीच्या मापाने, आणि ते माप हातात यायच्या आधी पत्राकडे बघितलं तर नजर फक्त भाषेवर जाते.

जाहिरातीतल्या सगळ्या ओळी एका वजनाच्या नसतात. शिक्षण, अनुभवाची वर्षं, शिफ्ट, रुजू होण्याची मुदत या दारातल्या अटी. त्या पुऱ्या केल्याने कुणी निवडलं जात नाही. पुऱ्या केल्या नाहीत तर मात्र तिथेच थांबावं लागतं. 'प्राधान्य' शब्दाने येते ती जमेची बाजू. उरतं ते खरं काम, ज्याच्यासाठी कंपनीने ही जागा काढली. ते कोणतं हे ओळखायची माझी एक रीत आहे. त्याच कंपनीची, नाहीतर तशाच दुसऱ्या कंपनीची, एक पायरी खालच्या पदाची जाहिरात शोधायची आणि या जाहिरातीतून ती वजा करायची. साध्या एक्झिक्युटिव्हच्या जाहिरातीत एचपीएलसी असतं, डिसोल्यूशन असतं, एम्पॉवर असतं. आमच्या वजाबाकीत उरलं ते ओओएस-ओओटी तपास, ऑडिट ट्रेल आणि कनिष्ठांच्या नोंदींचा आढावा. सीनियरचा जादा पगार या तीन गोष्टींसाठी आहे. पत्राचं वजनही तिथेच पडायला हवं.

मग एक पेन्सिल घेतली. जाहिरातीतल्या प्रत्येक मागणीला क्रमांक दिला. 'ओओएस व ओओटी तपास आणि कापा' ही दिसायला एक ओळ असली तरी मागण्या तीन आहेत, म्हणून तिला तीन क्रमांक. त्यानंतर भाच्याच्या पत्रातलं एकेक वाक्य वाचायचं आणि ते ज्या मागणीला उत्तर देतं तिचा क्रमांक समासात लिहायचा. कुठल्याच मागणीला लागू पडत नसेल तर समास कोरा सोडायचा.

निकाल बोलका होता. एचपीएलसीचा क्रमांक पुन्हा पुन्हा आला: एचपीएलसी येतं, त्यावर ॲसे करतो, रिलेटेड सबस्टन्सेस करतो, कॅलिब्रेशन करतो. पहिल्या परिच्छेदातल्या 'आपली संस्था औषधनिर्माण क्षेत्रात अग्रगण्य आहे' वगैरे वाक्यांचा समास कोरा. शेवटच्या परिच्छेदाचाही कोरा. ओओएसचा क्रमांक एकदाच आला, 'ओओएस हाताळणीची चांगली माहिती आहे' या वाक्यासमोर. ओओटी, कापा, ऑडिट ट्रेल, आढावा, शिफ्ट, रुजू होण्याची तारीख हे क्रमांक पत्रात कुठेही नव्हते. आणि एक क्रमांक चुकीच्या जागी पडला होता, त्याबद्दल पुढे सांगते.

आता त्या एकुलत्या एक वाक्याकडे वळू. क्यूसीतल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. बॅचच्या विश्लेषण प्रमाणपत्रात ॲसेसमोर आकडा न लिहिता नुसतं 'योग्य आहे' लिहिलं तर आपण ते प्रमाणपत्र परत पाठवतो. 'चांगली माहिती आहे' हे तसंच आहे. मर्यादा जाहिरातीने दिली, निकाल पत्राने द्यायचा. मी त्याला विचारलं, "हाताळणी म्हणजे तू काय केलंस? निकाल बाहेर गेल्याचं साहेबांना सांगितलंस, की तपासाच्या फॉर्मवर सही केलीस, की कारण तू शोधलंस?"

थोडे आढेवेढे घेऊन त्याने सांगितलं ते असं. मधुमेहावरच्या एका गोळीच्या ॲसेची मर्यादा ९५.० ते १०५.० टक्के होती आणि एका बॅचचा निकाल ९२.८ आला. चाचणी दुसऱ्या विश्लेषकाची होती, तपास याच्याकडे आला. द्रावणं फेकू न देता त्याने आधी कागद पाहिले: स्टँडर्डचं वजन, डायल्यूशन, सिस्टिम सुटेबिलिटी, कॉलमचा क्रमांक. सगळं बरोबर. त्याच कुपीतून पुन्हा इंजेक्ट केलं तर निकाल तोच, म्हणजे यंत्राचा दोष नाही. मग त्याने नमुना तयार करण्याच्या पायऱ्या त्या विश्लेषकाबरोबर बसून एकेक करून पाहिल्या. सोनिकेटरच्या टाकीत पाण्याची पातळी फ्लास्कमधल्या द्रावणाच्या खाली होती. औषध गोळीच्या भुग्यातून पूर्ण सुटलंच नसावं, असा त्याचा अंदाज. तपासाचा भाग म्हणून, तशी लेखी मंजुरी घेऊन, मूळ द्रावण पुन्हा सोनिकेट केलं, निकाल ९९.१ आला. कारण सापडलं, पहिला निकाल रद्द ठरला, एसओपीप्रमाणे नव्याने चाचणी झाली. पुढे चाचणीपद्धतीत पाण्याच्या पातळीची आणि मधूनमधून हलवण्याची सूचना घालण्याचा बदल यानेच लिहिला.

"आणि यातलं काहीच पत्रात नाही?"

"मावशी, एवढं कसं लिहिणार?"

एवढं लिहायचं नसतंच. आम्ही त्याचं केलं ते असं: 'ॲसेच्या मर्यादेबाहेरील निकालाचा पहिल्या टप्प्यातील तपास मी केला, नमुना तयार करताना औषध अपुरे विरघळत असल्याचे तपास-चाचणीने दाखवून दिले आणि त्यावरील कापा म्हणून चाचणीपद्धतीतील बदलाचा मसुदा तयार केला.' एक वाक्य, पण त्यात दोन क्रमांकांची उत्तरं आहेत. शिवाय मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला जागा आहे. मी वाक्याची परीक्षा अशीच करते: हे वाचून समोरच्याला एखादा नेमका प्रश्न सुचतो का? 'चांगली माहिती आहे' यावर कुणाला काय सुचणार? 'तपास-चाचणीने दाखवून दिले' म्हटल्यावर मी लगेच विचारीन, कोणती चाचणी, मंजुरी कुणाची, मूळ द्रावण किती वेळाने वापरलं? असा प्रश्न उभा राहिला, की ते वाक्य उत्तर म्हणून टिकलं असं धरायला हरकत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. गोळीचं नाव, ग्राहक कंपनीचं नाव, बॅच क्रमांक यातलं काहीही पत्रात येता कामा नये. आजच्या कंपनीशी गुप्ततेचा करार असतो, तो मोडल्याचं नव्या कंपनीला आवडत नाही. 'हा उद्या आमचंही असंच सांगेल' ही शंका लगेच येते. वरचं वाक्य त्याशिवायही पुरेसं नेमकं आहे.

ओओएस तपासाच्या मागणीबद्दल अजून थोडं सांगायला हवं, कारण चांगल्या चांगल्यांची पत्रं इथे उलटतात. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीज या कंपनीविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. नापास निकाल आला की पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाचणी करत राहायचं, ही पद्धत न्यायालयाने अमान्य केली. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ओओएस तपासाची मार्गदर्शिका काढली आणि २०२२ मध्ये ती सुधारली. तिचा गाभा असा, की निकाल बाहेर गेला तर कारण शोधा, आणि कारण पुराव्यानिशी सापडल्याशिवाय पहिला निकाल रद्द करू नका. त्यामुळे अमेरिकी बाजाराला माल पाठवणाऱ्या कारखान्यात एखाद्याने मोठ्या अभिमानाने लिहिलं, की 'माझ्याकडे आलेले सर्व ओओएस प्रयोगशाळेतील त्रुटी दाखवून बंद केले', तर वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात. सगळेच? निरीक्षक नेमकं हेच विचारतात: तुमच्याकडे नापास निकाल रद्द होण्याचं प्रमाण एवढं का? म्हणजे हे वाक्य मागणीला उत्तर देतं, पण उलट उत्तर देतं. पत्र तपासताना क्रमांक पडला एवढ्यावर थांबू नये. त्या क्षेत्रातला माणूस हे वाक्य कसं वाचेल हेही पाहावं. स्वतःला ते ओळखता येत नसेल, तर त्या कामातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारावं; भाषा तपासून देणाऱ्याला हे कळणार नाही.

चुकीच्या जागी पडलेला क्रमांक एफडीएचा. जाहिरातीत होतं, 'एफडीए मान्यताप्राप्त उमेदवाराला प्राधान्य'. भाच्याने लिहिलं होतं, 'मी यूएस एफडीए मान्यताप्राप्त कारखान्यात काम करतो.' आमच्या क्षेत्रातला हा नेहमीचा घोटाळा आहे. इथली मान्यता कारखान्याची नव्हे, माणसाची, आणि एफडीए आपल्या राज्याचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. औषध उत्पादनाच्या परवान्यावर उत्पादन आणि चाचणी यांसाठी मान्यता मिळालेल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांची नावं असतात. शिक्षण आणि अनुभव पाहून प्रशासन ती मान्यता देतं. कंपनीला अशी माणसं हाताशी लागतात, म्हणून प्राधान्य. ज्याच्याकडे ती आहे, त्याने ती रासायनिक चाचणीसाठी आहे की यंत्राधारित चाचणीसाठी हे लिहावं आणि सीव्हीबरोबर पत्राची प्रत जोडावी. भाच्याकडे ती नव्हती. मग त्याचं वाक्य काय सांगत होतं? जाहिरात नीट वाचलेली नाही, एवढंच. आम्ही ते तिथून उचललं आणि अनुभवाच्या अटीकडे नेलं, कारण 'अमेरिकी बाजारासाठी औषधं बनवणाऱ्या कारखान्यात' ही मागणी तिकडे होती. मान्यतेबद्दल काहीच लिहिलं नाही. जमेची बाजू आपल्याकडे नसेल तर गप्प राहायला हरकत नसते. 'माझ्याकडे ती नाही' असं आपणहून सांगत बसण्यात पत्राची जागा वाया जाते.

दारातल्या अटीचं मात्र तसं नाही. अनुभव चार ते सहा वर्षं, आणि तोही अमेरिकी बाजाराच्या कारखान्यात. भाच्याचा एकूण अनुभव साडेचार वर्षांचा, पण त्यातलं पहिलं दीड वर्ष फक्त देशांतर्गत माल बनवणाऱ्या छोट्या कंपनीतलं. पत्रात त्याने 'साडेचार वर्षांचा अनुभव' लिहिलं होतं. हे खोटं नाही. पण मागणी दोन भागांची होती आणि उत्तर एकाच भागाला. वाचणारा सीव्हीतल्या तारखांवर जातो, कंपन्यांची नावं बघतो आणि दुसरा भाग स्वतः मोजतो. तीन वर्षं निघाली की त्याला वाटतं, हा लपवत होता. म्हणून आम्ही सरळ लिहिलं: 'एकूण साडेचार वर्षे, त्यांपैकी तीन वर्षे अमेरिकी बाजारासाठी उत्पादन करणाऱ्या कारखान्यात, या काळात यूएस एफडीएच्या एका निरीक्षणाच्या वेळी प्रयोगशाळेत कामावर होतो.' चारच्या जागी तीन. कुणी या एका गोष्टीवर अर्ज बाजूला ठेवील, कुणी ठेवणार नाही. ते पत्राच्या हातात नाही. निरीक्षणाबद्दल मी त्याला खोदून विचारलं, कारण 'निरीक्षणाला सामोरा गेलो' असं त्याला लिहायचं होतं. निरीक्षकाने याला एकही प्रश्न विचारला नव्हता. मग सामोरा कसा गेलास? 'कामावर होतो' हेच खरं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत वेगळाच पेच होता. जाहिरातीला एम्पॉवर हवं. तो काम करतो ते लॅबसोल्यूशन्सवर. दोन्ही क्रोमॅटोग्राफीचीच सॉफ्टवेअर, कंपन्या वेगळ्या. पत्रात 'विविध क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअरचा अनुभव' असं मोघम होतं, आणि मोघम वाक्य बघून वाचणारा वाईटच अर्थ काढतो. त्याऐवजी: 'लॅबसोल्यूशन्सवर तीन वर्षे, एम्पॉवरवर प्रत्यक्ष काम केलेले नाही, परंतु इंटिग्रेशन, रीप्रोसेसिंगची कारणनोंद आणि ऑडिट ट्रेल या बाबी रोज हाताळतो.' ही त्रुटी सांगावी की झाकावी, याचा माझा आडाखा असा: जी गोष्ट पहिल्याच फोनवर विचारली जाणार, ती पत्रात सांगून टाकावी. आणि सांगताना तिच्या शेजारचं काय येतं तेही त्याच वाक्यात द्यावं. सॉफ्टवेअर काही आठवड्यांत शिकता येतं हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. रीप्रोसेसिंगची नोंद का ठेवायची याची समज मात्र इतक्या लवकर येत नाही, आणि नेमकी ती समज या वाक्यात दिसते.

ऑडिट ट्रेलचा क्रमांक आता या वाक्यासमोर पडला, पण तो मी अर्धाच धरला. जाहिरातीला हवी आहे दुसऱ्यांच्या कामाच्या ऑडिट ट्रेलची तपासणी. म्हणजे कुणी कधी काय बदललं, हाताने इंटिग्रेशन का केलं, एखादा रन मध्येच का थांबवला, हे शोधून प्रश्न विचारणं. भाचा स्वतःच्या कामाच्या ऑडिट ट्रेलपुरता. वाक्यातलं 'हाताळतो' हे क्रियापद दोन्ही अर्थांनी वाचता येतं, आणि त्याला ते आवडलं होतं. मी बदलायला लावलं. क्रियापदं तपासण्यावर माझा फार जोर असतो, कारण पत्रातली अतिशयोक्ती बहुतेक वेळा तिथे दडते. केलं, करायला मदत केली, करताना हजर होतो, केलेलं तपासलं, ही चार वेगळी कामं आहेत, आणि जाहिरातीनेही आपलं क्रियापद विचारपूर्वक निवडलेलं असतं. तपासणी मागितली असेल तर 'करतो' हे उत्तर अपुरं आणि 'सहभागी होतो' हे तर काहीच नाही. 'माझ्या रनच्या ऑडिट ट्रेलची नोंद आणि स्पष्टीकरण मी देतो' असं शेवटी ठरलं. मागणी अर्धीच पुरी झाली. असू दे.

कनिष्ठांच्या नोंदींच्या आढाव्याचं उलट झालं. ते त्याला पत्रात घालायचं सुचलंच नव्हतं, आणि प्रत्यक्षात तो दोन वर्षं दोन नव्या मुलींच्या कच्च्या नोंदी दुसरा तपासनीस म्हणून सहीसाठी बघत होता. "ते काय, रोजचंच आहे," म्हणाला. नेहमीचं झालेलं काम आपल्याला काम वाटत नाही. म्हणून कोरा राहिलेला प्रत्येक क्रमांक घेऊन स्वतःला विचारावं, हे मी कधी केलंय का, दुसऱ्या नावाने का होईना? आढाव्यात काय सापडलं हेही त्याने सांगितलं: तराजूच्या छापील पावतीवरची वेळ आणि वहीतली वेळ जुळत नव्हती. नोंद काम करतानाच झाली की नंतर आठवून, हा प्रश्न तिथूनच उभा राहतो. हे एवढं बारीक पत्रात आम्ही घातलं, कारण नोंदी कोणत्या डोळ्याने पाहायच्या हे या माणसाला कळतं, हे त्यातून दिसतं.

जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे उचलून पत्र भरणाऱ्यांबद्दल दोन शब्द. हल्ली हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणजे चाळणीत अर्ज अडकत नाही म्हणतात. नावं जाहिरातीतलीच वापरावीत, हे मलाही पटतं. तिथे 'ओओएस' असेल तर आपण 'डेव्हिएशन' लिहू नये, ती निराळी गोष्ट आहे. पण जाहिरातीचं वाक्य उचलून त्यापुढे 'याचा मला अनुभव आहे' जोडलं तर पेन्सिलवाल्या परीक्षेत सगळे क्रमांक पडतात आणि हाती काहीच लागत नाही. अशी पत्रं मी पाहिली आहेत. मागणीचे शब्द खोडून वाचलं की खाली कोरा कागद उरतो. परीक्षा करायचीच तर अशी करावी: जाहिरातीतून आलेले शब्द पेन्सिलने खोडा आणि उरलेलं वाचा.

शिफ्ट आणि रुजू होण्याची मुदत एका ओळीत येते, पण ती ओळ हवीच. भाच्याचा नोटिस पिरियड साठ दिवसांचा आणि जाहिरातीत तीस. कंपनी पैसे भरून लवकर सोडते का हे त्याने आधी आपल्या एचआरच्या धोरणात पाहिलं, तशी सोय होती, मग लिहिलं: 'नोटिस साठ दिवसांची, उर्वरित दिवसांचे वेतन भरून तीस दिवसांत रुजू होऊ शकतो.' न पाहताच 'तीस दिवसांत येतो' म्हणणारे शेवटच्या क्षणी अडकतात, आणि तोवर दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवून झालेला असतो.

सगळं झाल्यावर पत्र पहिल्यापेक्षा आखूड झालं. एचपीएलसीची चार वाक्यं एका वाक्यात आली, कंपनीची स्तुती गेली, तपासाचं वाक्य पहिल्या परिच्छेदात गेलं. मग मी ते माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीला पाठवलं, जाहिरात न पाठवता, आणि विचारलं, "हे वाचून सांग, जाहिरातीत काय मागितलं असेल?" ही परीक्षा मी नेहमी शेवटी करते, कारण एव्हाना आपल्या दोघांच्याही डोक्यात जाहिरात इतकी बसलेली असते, की पत्रात नसलेलंही आपल्याला दिसू लागतं. तिने फोनवरच यादी सांगितली: सीनियर पद, ओओएस तपास, कापा, नोंदींचा आढावा, अमेरिकी बाजार, तीन शिफ्ट, लवकर रुजू होणं. डिसोल्यूशन तिच्या यादीत नव्हतं. पत्र पाहिलं, तर एचपीएलसीची वाक्यं छाटताना ते त्यांच्याबरोबर निघून गेलं होतं. आणि ओओटीही नव्हतं. ओओटी म्हणजे निकाल मर्यादेत असतो पण त्याच औषधाच्या आधीच्या निकालांच्या ओळीत बसत नाही. बहुधा स्थिरता चाचणीत, महिन्यामहिन्यांचे आकडे शेजारी ठेवल्यावर ते दिसतं.

डिसोल्यूशन परत घातलं. ओओटीचं भाच्याला विचारलं तर म्हणाला, "ते आमच्याकडे स्टॅबिलिटीचा वेगळा गट बघतो. मी नाही केलेलं." मग तो क्रमांक कोराच ठेवला, आणि मुलाखतीला बोलावलं तर विचारतीलच म्हणून त्या गटातल्या एकाकडून मागच्या तपासाचे कागद नीट समजून घ्यायला त्याला सांगितलं.